रोखेधारक शून्यावर आला आणि भागधारक उरला, हे कसे घडते?

प्रश्न: "माझ्याकडे एका बँकेचे टिअर 2 बाँड आहेत. त्याच बँकेच्या पर्पेच्युअल बाँडवर व्याज जास्त मिळते, म्हणून तेही घ्यावेत असे मला सुचवले गेले. पण येस बँकेच्या वेळी पर्पेच्युअल बाँडधारकांचे सगळे पैसे गेले आणि शेअरधारकांचे शेअर मात्र राहिले, असे मी वाचले आहे. बँकेला कर्ज देणारा हा मालकाच्या आधी असतो ना? मग असे कसे झाले? आणि माझ्या टिअर 2 बाँडचेही असे होऊ शकते का?"

उत्तर:

कर्ज देणारा मालकाच्या आधी असतो, हा तुमचा समज मुळात चुकीचा नाही. तो अर्धवट आहे, आणि आजवर ज्यांचे पैसे बुडाले त्यातल्या बहुतेकांचा समज नेमका इथेच अर्धवट होता. आधी ठेवीदार, मग सर्वसाधारण धनको, त्यांच्या मागे टिअर 2 म्हणजे दुय्यम रोखेधारक, मग बेमुदत म्हणजे पर्पेच्युअल रोखेधारक आणि सगळ्यात शेवटी भागधारक, अशी एक रांग असते आणि ती कायद्याने व कराराने पक्की असते. पण ही रांग बँक बंद करून तिची मालमत्ता विकली जाते आणि आलेले पैसे वाटले जातात तेव्हाची आहे. बँक चालू असताना ही रांग कोणी लावत नाही. बेमुदत आणि दुय्यम रोख्यांच्या करारात मात्र एक असे कलम असते, जे बँक चालू असतानाच, वाटपाचा प्रश्न उभा राहण्यापूर्वी लागू होते. त्या कलमाखाली रोख्याची रक्कम शून्य झाली की रोखेधारकाचा दावाच उरत नाही, आणि ज्याचा दावा नाही त्याला रांगेत जागाही नाही.

हे कलम नजरचुकीने आलेले नाही. 2008 च्या आर्थिक संकटात अनेक देशांच्या सरकारांनी बुडत्या बँकांत सार्वजनिक पैसा ओतून त्या वाचवल्या. त्या बँकांनी दुय्यम रोखे विकून पैसे उभे केले होते आणि ते पैसे 'भांडवल' म्हणून मोजले जात होते, कारण तोटा झाला तर तो या रोखेधारकांनी सोसायचा अशी कल्पना होती. प्रत्यक्षात ते रोखेधारक तोटा सोसणार होते तो फक्त बँक बंद झाल्यावर. सरकारने बँक बंदच होऊ दिली नाही, त्यामुळे त्यांना बहुतेक ठिकाणी व्याज आणि मुद्दल दोन्ही मिळत राहिले आणि भार करदात्यावर पडला. म्हणून बँकांच्या भांडवलाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बाझल समितीने जानेवारी 2011 मध्ये अट घातली, की यापुढे ज्या रोख्यांना बँकेचे भांडवल म्हणून मोजायचे आहे, त्यांच्यात बँक तगून राहणे अशक्य झाल्याचे नियामकाने ठरवताच मुद्दल निर्लेखित होण्याची, म्हणजे हिशेबातून खोडले जाण्याची, किंवा त्याचे शेअरमध्ये रूपांतर होण्याची तरतूद असलीच पाहिजे. भारतात रिझर्व्ह बँकेने ही चौकट 1 एप्रिल 2013 पासून लागू केली. बँक बंद होण्याआधीच तोटा सोसणे हे या रोख्यांचे काम आहे आणि ते त्यासाठीच घडवले गेले आहेत. हे एकदा लक्षात घेतले की येस बँकेचा घटनाक्रम अन्यायकारक वाटला तरी अनाकलनीय वाटत नाही.

आता निर्लेखनाने बँकेला नेमके काय मिळते ते पाहू, कारण रोखेधारकाचे पैसे 'गेले' म्हणजे कुठे गेले, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. समजा, एका बँकेची जोखीमभारित मालमत्ता, म्हणजे जोखमीच्या प्रमाणात मोजलेली कर्जे आणि गुंतवणूक, 1,000 कोटी रुपये आहे. तिचे भागभांडवल आणि राखीव निधी, म्हणजेच सामाईक भांडवल, मिळून 80 कोटी आहेत, बेमुदत रोखे 30 कोटींचे आहेत आणि टिअर 2 रोखे 20 कोटींचे. म्हणजे सामाईक भांडवलाचे प्रमाण 8 टक्के आहे. आता 75 कोटींची कर्जे बुडीत ठरली. हा तोटा आधी सामाईक भांडवलातून वजा होतो, 80 चे 5 कोटी उरतात आणि प्रमाण अर्ध्या टक्क्यावर येते. कागदोपत्री बँक अजून जिवंत आहे, पण एवढ्याशा भांडवलावर तिला कोणी चालू देणार नाही. आता बेमुदत रोखे शून्य केले, तर बँकेवरचे 30 कोटींचे देणे नाहीसे होते. मालमत्ता तेवढीच राहिली आणि देणे कमी झाले, म्हणजे तेवढी रक्कम भांडवलात जमा झाली. 5 चे 35 कोटी होतात आणि प्रमाण साडेतीन टक्क्यांवर जाते. यात बँकेत एक रुपयाही नवा आलेला नाही. रोखेधारकांनी ते 30 कोटी काही वर्षांपूर्वीच दिलेले होते आणि ते कर्जरूपाने वाटलेही गेले होते. आता फक्त त्या रकमेवरचे त्यांचे नाव खोडले गेले आणि ती भागधारकांच्या खात्यात धरली गेली. जे जुने शेअर टिकून राहतात आणि जे नवे गुंतवणूकदार येतात, त्या दोघांनाही हा लाभ मिळतो.

येस बँकेत हेच घडले, फक्त आकडे फार मोठे होते. बँकेने डिसेंबर 2016 मध्ये साडेनऊ टक्के व्याजाचे 3,000 कोटींचे आणि ऑक्टोबर 2017 मध्ये नऊ टक्के व्याजाचे 5,415 कोटींचे बेमुदत रोखे विकले होते. एकूण 8,415 कोटी. सप्टेंबर 2019 अखेर बँकेने आपले सामाईक भांडवलाचे प्रमाण 8.7 टक्के असल्याचे सांगितले होते. पुढच्या तिमाहीचे निकाल ठरलेल्या मुदतीत आलेच नाहीत. 5 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने बँकेवर स्थगिती लावली, खात्यातून 50,000 रुपयांहून अधिक रक्कम काढण्यावर निर्बंध आले, रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले आणि प्रशासक नेमला. दुसऱ्याच दिवशी पुनर्रचनेच्या योजनेचा मसुदा जाहीर झाला. त्यात एक वाक्य होते, की बँकेने काढलेले अतिरिक्त टिअर 1 भांडवलाचे, म्हणजे हेच बेमुदत, सर्व रोखे कायमचे आणि पूर्णपणे निर्लेखित होतील. 13 मार्चला अंतिम योजना अधिसूचित झाली तेव्हा ते वाक्य तिच्यात नव्हते. 14 मार्चला प्रशासकाने शेअर बाजारांना कळवले, की रोखे पूर्णपणे निर्लेखित केले आहेत. त्याच दिवशी डिसेंबर तिमाहीचे निकालही आले. तोटा 18,564 कोटी आणि सामाईक भांडवलाचे प्रमाण 0.6 टक्के.

योजनेनुसार स्टेट बँक आणि इतर सात संस्थांनी मिळून 10,000 कोटी रुपये घातले, शेअरमागे 10 रुपये या भावाने. स्टेट बँकेचे 6,050 कोटी होते, म्हणजे तिला 605 कोटी शेअर मिळाले. आधीचे सुमारे 255 कोटी शेअर तसेच राहिले, फक्त एकूण शेअर सुमारे 1,255 कोटी झाल्याने त्यांचा हिस्सा पाचव्या भागावर आला. आता रोखेधारकांचे 8,415 कोटी याच भावाने शेअरमध्ये बदलले असते तर काय झाले असते, ते पाहा. त्यांना 841.5 कोटी शेअर मिळाले असते, म्हणजे स्टेट बँकेपेक्षाही जास्त, आणि सुमारे 40 टक्के बँक त्यांच्या मालकीची झाली असती. बँक सावरण्यात नव्या गुंतवणूकदारांच्या 10,000 कोटींच्या खालोखाल सर्वांत मोठा वाटा त्यांचा होता, आणि त्या बदल्यात त्यांना एकही शेअर मिळाला नाही. तुमच्या प्रश्नातला सल जिथे आहे ती जागा ही आहे, आणि तो सल मला रास्त वाटतो. तोटा सोसणे हे त्यांच्या करारात होते. पण ज्यांनी तोटा त्यांच्या आधी सोसायचा त्या भागधारकांकडे काही उरावे आणि यांच्याकडे काहीच उरू नये, हा परिणाम 'कायमचे निर्लेखन' या दोन शब्दांतून आला. रोख्याचे शेअरमध्ये रूपांतर होणार की ते कायमचे निर्लेखित होणार, हे रोखे विकतानाच माहितीपत्रकात ठरलेले असते. व्याजाच्या दराकडे पाहणारा गुंतवणूकदार सहसा तिथपर्यंत वाचत नाही.

निर्लेखन नेमके कशाने लागू होते, याबद्दलही मोठा गैरसमज आहे. बेमुदत रोख्यांना दोन चाप असतात. पहिला चाप आकड्याचा आहे. सामाईक भांडवलाचे प्रमाण ठरावीक पातळीखाली गेले, की निर्लेखन किंवा रूपांतर. भारतात ही पातळी आधी साडेपाच टक्के होती आणि पुढे 6.125 टक्के झाली. दुसरा चाप नियामकाच्या निर्णयाचा आहे, त्याला या व्यवसायात 'पॉइंट ऑफ नॉन-व्हायबिलिटी' म्हणतात. निर्लेखनाशिवाय बँक तगणार नाही असे रिझर्व्ह बँकेने ठरवले, किंवा सरकारी भांडवल घातल्याशिवाय ती तगणार नाही म्हणून तसे करण्याचा निर्णय झाला, यांतले जे आधी घडेल त्या वेळी तो चाप ओढला जातो. याशिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 45 खाली एखाद्या बँकेची पुनर्रचना किंवा दुसऱ्या बँकेत विलीनीकरण करण्याचे ठरले, तर ती बँक तगण्यास असमर्थ मानली जाईल आणि पुनर्रचनेच्या किंवा विलीनीकरणाच्या आधी हे रोखे निर्लेखित होतील.

अनेक जण पहिल्या चापावर विसंबून असतात. बँकेचे प्रमाण 8.7 टक्के आहे, पातळी 6.125 टक्के आहे, म्हणजे अजून पुष्कळ अंतर आहे, आणि ते कमी होऊ लागले की रोखे विकून टाकू, असा हिशेब ते मांडतात. हा हिशेब दोन कारणांनी फसतो. एक तर ते प्रमाण बँकेने स्वतःच, तीन महिन्यांतून एकदा सांगितलेले असते, आणि बुडीत कर्जे बुडीत म्हणून दाखवली नसतील तर ते खरे नसते. येस बँकेचे जाहीर प्रमाण 8.7 टक्क्यांनंतर थेट 0.6 टक्क्यांवर आले. मधली कोणतीही पायरी गुंतवणूकदाराला दिसली नाही, कारण मधल्या काळात निकालच लागला नव्हता. दुसरे असे, की नियामकाच्या चापाला कोणत्याही आकड्याची वाट पाहावी लागत नाही. स्वित्झर्लंडच्या क्रेडिट स्विसचे हे प्रमाण 2022 अखेर 14.1 टक्के होते, म्हणजे आकड्याच्या चापापासून ती कितीतरी दूर होती. ठेवी वेगाने बाहेर गेल्या, सरकारला विशेष आधार द्यावा लागला, आणि 19 मार्च 2023 रोजी तिथल्या नियामकाने सुमारे 16 अब्ज फ्रँकचे बेमुदत रोखे शून्य करायला लावले. त्याच दिवशी ठरलेल्या व्यवहारात, तिला विकत घेणाऱ्या यूबीएस या बँकेने क्रेडिट स्विसच्या भागधारकांना सुमारे 3 अब्ज फ्रँकचे शेअर देऊ केले. दुसऱ्या दिवशी युरोपीय संघाच्या नियामकांना जाहीर करावे लागले, की त्यांच्याकडे आधी भागधारक तोटा सोसतील आणि ते पूर्ण झाल्यावरच बेमुदत रोख्यांना हात लागेल.

म्हणून भांडवलाच्या आकड्यापेक्षा मी ठेवींकडे आणि तारखांकडे जास्त लक्ष देते. येस बँकेच्या ठेवी सप्टेंबर 2019 अखेर सुमारे 2.09 लाख कोटी होत्या, त्या 5 मार्च 2020 पर्यंत 1.37 लाख कोटींवर आल्या. सहा महिन्यांत एक तृतीयांशाहून अधिक ठेवी निघून जाणे ही गोष्ट कोणत्याही भांडवल-प्रमाणापेक्षा आधी आणि अधिक खरे सांगते, फक्त तीही गुंतवणूकदाराला उशिरा कळते. निकाल जाहीर करायला मुदतवाढ मागणे, लेखापरीक्षक मध्येच बदलणे, बँकेने सांगितलेल्या थकीत कर्जांत आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत सापडलेल्या थकीत कर्जांत मोठी तफावत निघणे, भांडवल उभारणीची घोषणा पुन्हा पुन्हा होऊन ती तडीस न जाणे, ही चिन्हे वर्तमानपत्रातही सापडतात. मात्र ही चिन्हे दिसू लागली की बाजारात या रोख्यांना गिऱ्हाईक उरत नाही. विकून बाहेर पडण्याची योजना आखणाऱ्याने हे धरूनच चालावे.

येस बँकेचा वाद न्यायालयातही गेला, आणि त्याबद्दल बरेच अर्धवट वाचायला मिळते. मुंबई उच्च न्यायालयाने 20 जानेवारी 2023 रोजी प्रशासकाचा निर्लेखनाचा निर्णय रद्द ठरवला. त्याचा अर्थ 'बेमुदत रोखे निर्लेखित करता येत नाहीत' असा अनेकांनी लावला, तो चुकीचा आहे. न्यायालयाचा मुद्दा अधिकाराचा आणि वेळेचा होता. अंतिम योजनेत निर्लेखनाचे कलम नव्हते, 13 मार्चला बँकेची पुनर्रचना झालेली होती, आणि त्यानंतर एवढा मोठा निर्णय घेण्याचा अधिकार प्रशासकाला नव्हता. रिझर्व्ह बँकेचा नियम निर्लेखन 'पुनर्रचनेच्या आधी' म्हणतो आणि इथे ते एक दिवस नंतर झाले, हे तुमच्या लक्षात आले असेल. उच्च न्यायालयाने स्वतःच आपल्या निकालाला काही आठवड्यांची स्थगिती दिली होती, ती पुढे सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. क्रेडिट स्विसच्या बाबतीतही स्वित्झर्लंडच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये निर्लेखनाचा आदेश बेकायदेशीर ठरवला आणि त्यावर अपील झाले. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. रोखेधारकाने जिंकले तरी ते वर्षानुवर्षांनी, आणि तेही पूर्ण अंतिम नाही. मधल्या काळात त्याच्या हातात व्याज नाही, मुद्दल नाही आणि विकता येईल असे काहीही नाही.

यात सर्वांत जास्त दुखावले गेले ते व्यक्तिगत गुंतवणूकदार. सेबीच्या एप्रिल 2021 मधील आदेशानुसार 1,346 व्यक्तींनी येस बँकेच्या या रोख्यांत सुमारे 679 कोटी रुपये गुंतवले होते आणि त्यांतले बहुतेक जण बँकेचेच ग्राहक होते. 277 ग्राहकांनी आपल्या मुदत ठेवी मुदतीपूर्वी मोडून सुमारे 80 कोटी रुपये यात घातले होते. 'सुपर एफडी' असे नाव देऊन हे रोखे विकले गेले, असा त्या आदेशातला आक्षेप होता आणि बँकेला 25 कोटींचा दंड ठोठावण्यात आला. त्या दंडाला पुढे अपिलात स्थगिती मिळाली. ठेव मोडून रोखा घेतल्याने कायद्याच्या दृष्टीने काय बदलले, हे त्या ग्राहकांना कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही. ठेवीदार रांगेत पुढे असतो, त्याच्या ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत विमा असतो, आणि त्याची ठेव शून्य करण्याचे कोणतेही कलम त्याच्या करारात नसते. एका सहीने तो रांगेच्या पुढून निघून भागधारकाच्या लगेच पुढे जाऊन उभा राहिला. येस बँकेचे ठेवीदार शेवटी एक रुपयाही न गमावता बाहेर आले. ज्यांनी ठेव मोडली नव्हती, त्यांच्यात आणि यांच्यात एवढाच फरक होता. ऑक्टोबर 2020 पासून सेबीने हे रोखे फक्त मोठ्या संस्थात्मक खरेदीदारांनाच विकता येतील आणि किमान व्यवहार 1 कोटी रुपयांचा असेल असा नियम केला. पण जुने रोखे लोकांकडे राहिले, आणि म्युच्युअल फंडांच्या योजनांमधून अप्रत्यक्ष मार्ग खुला आहेच. सेबीच्या मार्च 2021 मधील परिपत्रकानुसार एका योजनेला अशा रोख्यांत आपल्या रोखे-गुंतवणुकीच्या 10 टक्क्यांहून जास्त आणि एकाच बँकेच्या अशा रोख्यांत 5 टक्क्यांहून जास्त पैसे घालता येत नाहीत. तुमच्या फंडाच्या मासिक यादीत हा हिस्सा किती आहे, ते पाहून ठेवा.

आता तुमच्या टिअर 2 रोख्यांकडे येऊ. ते बेमुदत रोख्यांपेक्षा निश्चितच बरे आहेत, आणि कुठे बरे आहेत ते नेमके समजून घ्या. त्यांना मुदत असते, ती किमान पाच वर्षांची असावी लागते आणि मुदत संपली की मुद्दल परत करणे बंधनकारक असते. बेमुदत रोख्यात मुद्दल परत करायचे की नाही हे बँक ठरवते, तेही किमान पाच वर्षांनी आणि रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने. पाचव्या वर्षी पैसे मिळतील असे विक्रेता सांगतो, पण तो बँकेचा पर्याय असतो, तुमचा हक्क नव्हे. टिअर 2 चे व्याज बँकेला स्वेच्छेने टाळता येत नाही. बेमुदत रोख्याचे व्याज ती टाळू शकते, आणि टाळलेले व्याज पुढे कधीही भरून मिळत नाही. तिसरे म्हणजे आकड्याचा चाप टिअर 2 ला लागू नाही. चौथी गोष्ट मात्र दोघांना सारखी आहे आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर तीच आहे. नियामकाचा चाप टिअर 2 ला पूर्णपणे लागू आहे.

तो प्रत्यक्षात ओढलाही गेला आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये लक्ष्मी विलास बँकेवर स्थगिती आली आणि तिचे डीबीएस बँक इंडियात विलीनीकरण ठरले. विलीनीकरण 27 नोव्हेंबरला अमलात येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी बँकेचे 318.20 कोटींचे टिअर 2 रोखे पूर्णपणे निर्लेखित झाले. इथे भागभांडवलही पूर्ण शून्य झाले, म्हणजे रांगेचा क्रम तरी पाळला गेला. ठेवीदारांच्या ठेवी नव्या बँकेत जशाच्या तशा गेल्या. येस बँकेच्या पुनर्रचनेत मात्र टिअर 2 रोख्यांना हात लागला नव्हता, कारण तिथे तोटा झेलायला त्यांच्या आधी 8,415 कोटींचे बेमुदत रोखे उभे होते. दोन्ही योजना त्याच कलम 45 खालच्या. यावरून एक व्यवहारी प्रश्न निघतो, जो मी कोणत्याही टिअर 2 रोख्याबद्दल पहिल्यांदा विचारते. माझ्या पुढे तोटा सोसणारे किती भांडवल आहे, आणि त्यात बेमुदत रोख्यांचा थर आहे का? बँकेच्या तिमाही प्रकटीकरणात सामाईक भांडवल, अतिरिक्त टिअर 1 आणि टिअर 2 हे तिन्ही आकडे वेगवेगळे दिलेले असतात. पहिला आकडा घसरत असेल आणि दुसरा शून्याजवळ असेल, तर तुमचे टिअर 2 रोखे थेट आघाडीवर उभे आहेत.

तुम्हाला सुचवलेल्या बेमुदत रोख्याचे जादा व्याज पुरेसे आहे का, हे एका साध्या हिशेबाने पाहता येते. समजा, त्यावर टिअर 2 पेक्षा 1 टक्का व्याज जास्त आहे. मुद्दल एकदाच पूर्ण गेले, तर ते या जादा व्याजातून भरून निघायला 100 वर्षे लागतील. दीडशे रोखे वेगवेगळ्या बँकांत पसरवून ठेवणारी मोठी संस्था असा एखादा फटका गृहीत धरून किंमत लावू शकते. ज्याच्याकडे एकाच बँकेचे रोखे आहेत, त्याच्यासाठी सरासरीला काही अर्थ नाही. तुमच्याकडे तर त्याच बँकेचे टिअर 2 आधीच आहेत. वर बेमुदत रोखे घेणे म्हणजे एकाच जिन्याच्या दोन पायऱ्यांवर एकेक पाय ठेवणे आहे, आणि खालच्या पायरीवर ठेवलेला पाय आधी घसरतो. मी तुमच्या जागी असते तर ते घेतले नसते.

टिअर 2 ठेवायचे की विकायचे हे ठरवण्यापूर्वी त्यांचे माहितीपत्रक मिळवा. प्रत्येक रोख्याला ओळखीसाठी दिलेला आयसिन क्रमांक माहीत असेल, तर ते शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर सापडते. त्यात 'लॉस ॲब्झॉर्प्शन' किंवा 'पॉइंट ऑफ नॉन-व्हायबिलिटी' या मथळ्याखालचा भाग काढा आणि तीन गोष्टी शोधा. निर्लेखन कायमचे आहे की तात्पुरते, शेअरमध्ये रूपांतराची सोय आहे का, आणि निर्लेखन हे कर्ज थकवणे मानले जाणार नाही असे वाक्य आहे का. ते तिसरे वाक्य असेल, तर निर्लेखनाच्या दिवशी रोखेधारकांच्या हितासाठी नेमलेल्या विश्वस्ताला तुमच्या वतीने वसुलीचा दावा लावता येणार नाही, कारण कराराच्या दृष्टीने बँकेने काहीच थकवलेले नसेल. 2013 पूर्वी काढलेल्या जुन्या दुय्यम रोख्यांत ही कलमे नसत. तुमच्या रोख्याची जारी केल्याची तारीख त्यानंतरची असेल, तर ती आहेत असे धरूनच वाचायला सुरुवात करा.